दोरीवरचे दोन पल्स आणि मधला सरळ रेषेचा क्षण: आलेखात दाखवायचा कसा?

निशिगंध

अकरावीला तरंग शिकवते आहे आणि एका आलेखापाशी वर्ग अडला आहे. इथे भौतिकशास्त्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

ताणलेल्या दोरीवर दोन त्रिकोणी पल्स आहेत. एक वर उचललेला, तो डावीकडून उजवीकडे जातोय. दुसरा अगदी तेवढाच, पण खाली दबलेला, तो उजवीकडून डावीकडे येतोय. दोघांच्या मध्यांत ८ सेंमी अंतर, प्रत्येकाचा वेग सेकंदाला २ सेंमी. म्हणजे २ सेकंदांनी दोघे बरोबर एकावर एक येतात, प्रत्येक बिंदूला बेरीज शून्य, आणि फळ्यावर नुसती सरळ रेष उरते.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, या क्षणी दोरीचा फोटो काढला तर तो कुणीच न हलवलेल्या दोरीच्या फोटोसारखा दिसेल ना? मग पुढे दोन पल्स परत येतात कुठून? दोरीला कसं कळतं?" मी म्हटलं, ऊर्जा गतिज झालेली असते. तिने ते लिहून घेतलं, पण समाधान झालं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. तिचं म्हणणं, आलेखात ते कुठे दिसतंय ते दाखवा. मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. सूत्र न वापरता, ग्राफपेपरवर हे कसं दाखवाल?

आणखी एक. १ ते २ सेकंदांच्या मधले आलेख काढायला सांगितले की अर्धा वर्ग दोन्ही त्रिकोण हळूहळू लहान होत जाताना दाखवतो. ते चूक आहे हे मला माहीत आहे, पण मुलांना ते पटवून द्यायला चांगली पद्धत हवी आहे.

कडबोळी

त्या मुलीला माझ्यातर्फे एक पेढा द्या. आम्ही अकरावीत असताना "दोरीला कसं कळतं" असं विचारलं असतं तर वर्गाबाहेरच्या कॉरिडॉरची लांबी मोजत बसलो असतो.

धागा वाचतोय.

सह्यकडा

यात गूढ काही नाही. त्या क्षणी ऊर्जा दोरीच्या ताणात साठून बसते. दोन पल्स एकमेकांना दाबतात, स्प्रिंग दाबल्यासारखी स्थितिज ऊर्जा तयार होते आणि मग ती सुटली की पल्स परत बाहेर पडतात. मुलांना इतकं सांगितलं तरी पुरे.

चाफा

सह्यकडा, असं असेल तर उत्तर चुकेल. हाच प्रश्न २००१ च्या आयआयटी स्क्रीनिंगला आला होता, हेच आकडे, ८ सेंमी आणि सेकंदाला २ सेंमी. २ सेकंदांनंतर एकूण ऊर्जा कोणत्या रूपात, असा. उत्तर "पूर्णपणे गतिज". मी बारावीला आहे, क्लासच्या शीटमध्ये दरवर्षी असतो. पण खरं सांगायचं तर मीही उत्तर पाठच केलंय. दोरी सरळ म्हणजे ती लांबलेली नाही, म्हणून स्थितिज शून्य, म्हणून उरलं ते गतिज. यात गती "दिसत" नाही हे त्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे.

मेघना के

माझ्या मते हे व्यतिकरणासारखंच आहे. यंगच्या प्रयोगात पडद्यावर काळे पट्टे येतात तिथली ऊर्जा नष्ट होत नाही, ती शेजारच्या उजळ पट्ट्यांकडे जाते. तसंच इथेही दोरीवर कुठेतरी दुसरीकडे ऊर्जा गेली असणार. मुलांना काळ्या-उजळ पट्ट्यांचं चित्र दाखवलं तर लगेच कळेल.

रावसाहेब७१

निशिगंधताई, प्रश्न उत्तम आहे. मेघनाताईंचं आधी सांगतो. काळ्या पट्ट्याच्या शेजारी उजळ पट्टा असतो, म्हणून ऊर्जा तिकडे गेली असं म्हणता येतं. इथे २ सेकंदांच्या क्षणी संपूर्ण दोरी सरळ आहे. शेजारी उजळ असं काहीच नाही. त्यामुळे ते चित्र इथे दाखवलं तर मुलं आणखी गोंधळतील. ऊर्जा जिथे होती त्याच ४ सेंमीमध्ये आहे, फक्त वेगळ्या रूपात.

आता आलेख. मी वर्गात दोन ट्रेसिंग पेपर वापरत असे. ग्राफपेपरवर x अक्ष आखायचा, एका ट्रेसिंग पेपरवर वरचा त्रिकोण, दुसऱ्यावर खालचा, आणि दोन्ही कागद विरुद्ध दिशांना सरकवायचे. ताईंच्या आकड्यांना मी पाया आणि उंची जोडतो: प्रत्येक त्रिकोणाचा पाया ४ सेंमी, उंची १० मिमी. सुरुवातीला वरचा त्रिकोण ० ते ४ सेंमीवर, खालचा ८ ते १२ वर. (प्रत्यक्ष दोरीवर पल्स इतका उभा नसावा. उभी मोजपट्टी मुद्दाम मोठी घेतली आहे हे मुलांना सांगावं, नाहीतर साध्या बेरजेचा नियमच तिथे नीट लागू पडत नाही.)

१ सेकंदाला टोकाला टोक लागतं, ६ सेंमीवर. १.५ सेकंदाला वरचा त्रिकोण ३ ते ७ वर, शिखर ५ वर. खालचा ५ ते ९ वर, तळ ७ वर. बेरीज फक्त कोपऱ्यांवर करायची, कारण दोन्ही आकार सरळ रेघांचे आहेत आणि दोन सरळ रेघांची बेरीज सरळ रेघच असते. ५ वर: वरचा १०, खालचा ०, बेरीज १०. ७ वर: वरचा ०, खालचा उणे १०, बेरीज उणे १०. म्हणजे शिखर अजून पुरतं १० मिमी आहे! लहान झालेलं नाही. बदललं आहे ते मधलं: ५ पासून ७ पर्यंत रेघ +१० वरून −१० वर येते, आधीपेक्षा दुप्पट उभी.

पाव सेकंदाने पुढे, १.७५ ला, शिखर ५.५ वर आणि तळ ६.५ वर. कोपऱ्यांवर बेरीज केली की ४.५ वर +५, ५.५ वर +५, ६.५ वर −५, ७.५ वर −५. म्हणजे डोक्याला सपाट झालेला उंचवटा आणि त्याला जोडून सपाट तळाचा खळगा. त्रिकोण राहिलेलाच नाही. ज्या मुलांच्या वहीत १.७५ ला छोटे त्रिकोण दिसतील त्यांनी बेरीज केलेली नाही, अंदाज केला आहे. तपासायची ही सोपी खूण.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहितो, हात दुखतोय.

निशिगंध

सर, १.५ ला शिखर पूर्ण उंचीचं राहतं हे मी स्वतः कधी मुद्दाम मुलांना दाखवलं नव्हतं. आत्ता काढून बघितलं. सपाट डोक्याचं चित्र तर फारच उपयोगी आहे. उद्या दोन ट्रेसिंग पेपरची पद्धत करून बघते.

सह्यकडा

मग १.५ ला दोरी दुप्पट उभी झाली म्हणजे जास्त ताणली गेली, बरोबर? तर मी म्हटलं तेच झालं की, स्थितिज ऊर्जा वाढली. रावसाहेब, यावर बोला.

वाळूघड्याळ

माझा अनुभव सांगतो. गच्चीवर कपड्यांसाठी बांधलेली जाड दोरी आहे, साधारण १० मीटर. पुतण्याला एका टोकाला उभं केलं, मी दुसऱ्या टोकाला. त्याने वर झटका द्यायचा, मी त्याच वेळी खाली. मोबाइलवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावलं. पल्स साधारण मीटरभर लांब आणि वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास होता, म्हणजे दोन पल्स एकमेकांवर असण्याचा काळ एक दशांश सेकंद, चोवीसेक फ्रेम.

पूर्ण सरळ दोरी एकाही फ्रेममध्ये मिळाली नाही. दर वेळी मध्ये वाकडा एस राहतो. माझा झटका आणि पुतण्याचा झटका सारखा नसतो हे एक कारण असेल. पण एक गोष्ट लक्षात आली. ज्या फ्रेममध्ये दोरी जवळजवळ सरळ आहे, तिथे ती सगळ्यात जास्त पुसट आली आहे. शिखर स्पष्ट दिसत असतानाच्या फ्रेम त्यामानाने स्वच्छ आहेत. मला वाटलं फोकस गेला. तोच प्रकार वारंवार होतोय.

रावसाहेब७१

वाळूघड्याळ, फोकस गेलेला नाही. तुमच्या कॅमेऱ्याने त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर टिपलं आहे. आता लिहितोच.

आपण आलेखात दोरी कुठे आहे एवढंच काढतो. दोरीची स्थिती सांगायला ते अपुरं आहे. ती कुठे आहे आणि प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेने किती वेगाने जातो आहे, ही दोन्ही माहिती लागते. झोक्याचं बघा: तो सर्वांत खाली असताना टांगून ठेवलेल्या झोक्याच्याच जागी असतो, पण एक फोटो तिथे थांबलेल्याचा आणि एक जोरात जाणाऱ्याचा, फोटोवरून फरक कळत नाही.

तर दुसरा आलेख काढायचा, वेगाचा. त्यासाठी सूत्र लागत नाही. वरच्या त्रिकोणाचा ट्रेसिंग पेपर उजवीकडे किंचित सरकवा आणि बघा कोणता बिंदू वर गेला, कोणता खाली. पुढची बाजू, म्हणजे उजवा उतार, तिथली दोरी वर चढते आहे. मागची बाजू, डावा उतार, तिथली दोरी खाली उतरते आहे. किती वेगाने? उतार दर सेंमीला ५ मिमी आणि कागद सेकंदाला २ सेंमी सरकतो, म्हणून सेकंदाला १० मिमी. त्या त्या भागावर वर किंवा खाली बाण काढा.

आता खालचा पल्स. तो डावीकडे जातोय. त्याची पुढची बाजू डावी, तिथे खळगा येऊ घातला आहे, म्हणून दोरी खाली जाते. मागची बाजू उजवी, तिथे खळगा सोडून चाललाय, म्हणून दोरी वर येते.

२ सेकंदांना दोन्ही कागद एकावर एक ठेवा. डाव्या अर्ध्यात, ४ ते ६ सेंमीवर, पहिल्याचे बाण खाली आणि दुसऱ्याचेही खाली. उजव्या अर्ध्यात, ६ ते ८ वर, दोघांचेही वर. उंचीची बेरीज शून्य होते, वेगाची दुप्पट होते: डावीकडे सेकंदाला २० मिमी खाली, उजवीकडे २० मिमी वर. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. सरळ रेषेवर हे बाण काढले की ती "कुणी न हलवलेली दोरी" राहत नाही.

खात्री करायची असेल तर २.२५ सेकंदांचा आलेख काढा. ४.५ ते ५.५ हा भाग आता −५ वर असेल. १.७५ ला तो +५ वर होता. अर्ध्या सेकंदात १० मिमी खाली, म्हणजे सेकंदाला २० मिमी. बाणांनी सांगितलेला आकडा दोन चित्रांवरूनही मिळाला.

चाफा

बापरे. हे असं कुणी शिकवलंच नव्हतं. सर, मग ऊर्जेचाही हिशेब याच बाणांवरून होईल का?

रावसाहेब७१

होतो, आणि सह्यकडांनाही त्यात उत्तर आहे.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, स्थितिज ऊर्जा उताराच्या वर्गाच्या प्रमाणात. एकटा जाणारा पल्स घेतला तर त्याच्यात दोन्ही अगदी समसमान असतात. त्या समान भागाला आपण प्रत्येक सेंमीला १०० एकक म्हणू. पल्स ४ सेंमीचा, म्हणून ४०० गतिज, ४०० स्थितिज. दोन पल्सचे मिळून ८०० आणि ८००, एकूण १६००.

२ सेकंदांना वेग दुप्पट, म्हणून वर्ग चौपट: ४ सेंमी गुणिले ४०० म्हणजे १६०० गतिज. उतार शून्य, स्थितिज शून्य. हिशेब जुळला.

आता १.५. मधल्या २ सेंमीत, ५ ते ७ वर, उतार दुप्पट, पण पहिल्याचे बाण वर आणि दुसऱ्याचे खाली, म्हणून वेग शून्य. तिथे ८०० स्थितिज. बाजूच्या दोन-दोन सेंमीत २०० गतिज आणि २०० स्थितिज, अशा दोन्ही बाजू. एकूण १२०० स्थितिज, ४०० गतिज. म्हणजे पल्स भेटल्यावर आधी बरीच ऊर्जा स्थितिज होते आणि मग अर्ध्या सेकंदात सगळी गतिज. सह्यकडांनी जे वर्णन केलं ते १.५ ला खरं आहे, २ ला नाही.

सह्यकडा

म्हणजे पाऊण ऊर्जा माझ्या बाजूने होती. चालेल.

पण "दाबतात" हा माझा शब्द मी सोडत नाही. पल्स एकमेकांवर काहीतरी करतातच, नाहीतर स्थितिज १२०० कशी झाली असती?

श्रीरंग_न्यूजर्सी

वाळूघड्याळ यांच्या एस आकाराबद्दल लिहायला आलो. झटके सारखे नसणं हे एक कारण आहेच, पण झटके तंतोतंत सारखे दिले तरीही एस राहील.

हाताने दिलेला झटका सममित नसतो. आपण हात झटकन उचलतो आणि त्यामानाने सावकाश जागेवर आणतो. त्यामुळे पल्सची पुढची बाजू उभी आणि मागची पसरट होते. समजा पुढची १ सेंमीची आणि मागची ३ सेंमीची. रावसाहेबांच्या आकड्यांत, दोघे ४ ते ८ वर एकावर एक असताना उजवीकडे जाणाऱ्याचं शिखर ७ वर असेल आणि डावीकडे येणाऱ्याचा तळ ५ वर. बेरीज करा: ७ वर १० वजा ३.३, म्हणजे साधारण +६.७. ५ वर −६.७. फक्त ६ वर शून्य. हाच तुमचा एस.

म्हणून "उलटा पल्स आला की पूर्ण रद्द" हे अर्धवट वाक्य आहे. पूर्ण रद्द व्हायला दुसरा पल्स x अक्षात पाडलेलं पहिल्याचं प्रतिबिंब हवा. उभी बाजू उजवीकडेच हवी, म्हणजे डावीकडे येणाऱ्या पल्सची ती मागची बाजू झाली. पुतण्याने झटकन वर आणि सावकाश खाली केलं, तर काकांनी सावकाश खाली आणि झटकन वर करायला हवं. पुस्तकात आकृत्या नेहमी सममित काढतात, तिथे हा फरक लपतो.

वाळूघड्याळ

सावकाश खाली आणि झटकन वर! हे हाताने जमायला सराव लागेल. पण पुसटपणाचं कळलं. त्या फ्रेममध्ये मधला बिंदू मात्र स्वच्छ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू पुसट. आता बाण आठवून बघितलं तर बरोबर बसतंय, डावीकडे खाली, उजवीकडे वर, मध्ये शून्य.

श्रीरंग_न्यूजर्सी

हिशेबही बसतो. १० सेंमी उंच, मीटरभर लांब पल्स, वेग सेकंदाला १० मीटर. एकट्या पल्समध्ये दोरी सेकंदाला २ मीटर वर-खाली होते, सरळ होण्याच्या क्षणी ४ मीटर. शटर पूर्ण १/२४० सेकंद उघडं असेल तर ती रेघ दीड-पावणेदोन सेंमी जाड दिसणार. म्हणून पुसटपणा हवा असेल तर शटर मंद ठेवा. भर उन्हात फोन आपोआप शटर वेगवान करतो आणि सगळ्या फ्रेम स्वच्छ येतात, मग ती खूण निघून जाते.

दोन माणसांचा प्रश्न सोडवायचा सोपा मार्ग: एकच पल्स वापरा. दोरीचं टोक भिंतीला घट्ट बांधा. तिथून पल्स उलटा होऊन परत येतो, आणि येणारा अर्धा व परतणारा अर्धा एकमेकांवर असताना तुम्हाला हवा तो क्षण मिळतो. पल्सचा मध्य गाठीपाशी पोहोचला की संपूर्ण दोरी सरळ. जोडीदार भिंतच बनवते, त्यामुळे उंची आपोआप जुळते. मात्र पल्स सममित हवा, आणि गाठ खरंच घट्ट हवी. खिळा हलत असेल तर परतणारा पल्स बुटका होतो.

कडबोळी

अवांतर: गच्चीवरची दोरी म्हटल्यावर कपडे कुणी काढले हे कुणीच विचारलं नाही.

वाळूघड्याळ

ओले होते. तेही उपयोगी पडले असते, पण घरच्यांनी परवानगी दिली नाही.

मेघना के

रावसाहेब, काळ्या पट्ट्यांचा फरक कळला. पण मग मला वेगळाच प्रश्न पडला. मधला बिंदू, ६ सेंमीवरचा, तो कधीच हलत नाही. पूर्ण वेळ. मग तिथे कुणी दोरी चिमटीत धरली तरी काही फरक पडणार नाही. आणि चिमटीत धरली तर पल्स तिथून परावर्तित होतील, आरपार जाणार नाहीत. मग आपण "पल्स एकमेकांमधून आरपार जातात" असं कशाच्या आधारावर म्हणतो?

निशिगंध

मेघना, हा प्रश्न मुलांनी विचारला तर मी काय सांगू? मलाही उत्तर वाचायचं आहे.

रावसाहेब७१

मेघनाताई, नेमका हाच वाद आमच्या स्टाफरूममध्ये व्हायचा.

ऊर्जेने बघितलं तर तुमची बाजू भक्कम आहे. एखाद्या बिंदूतून ऊर्जा पलीकडे जायची तर डावीकडच्या दोरीने उजवीकडच्या दोरीला हलवून काम करायला हवं. ६ सेंमीवरचा बिंदू हलतच नाही, म्हणजे तिथे काम शून्य. तेव्हा डावीकडची ऊर्जा डावीकडेच राहिली, उजवीकडची उजवीकडे. या जोडीपुरतं "आदळून परतले" असं म्हटलं तरी दोरीच्या कोणत्याही मोजमापात चूक सापडणार नाही.

तरी मी आरपार म्हणतो. कारण पल्स वेगवेगळे घ्या, एक १० मिमीचा आणि एक उलटा ४ मिमीचा. मधला बिंदू हलतो, आणि भेट झाल्यावर उजवीकडे निघतो तो १० चाच. आरपारचा नियम दोन्ही ठिकाणी चालतो, आदळण्याचा नियम दुसऱ्या ठिकाणी ओढूनताणून बसवावा लागतो. दालेंबेअरने १७४७ मध्ये तारेचं समीकरण सोडवलं तेव्हा उत्तर हेच निघालं:

y = f(x − vt) + g(x + vt)

एक आकार उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही.

सह्यकडा

गंधवार्ता नाही, पण ऊर्जेचा १२०० चा हिशेब दोघांनी मिळून केला. मला अजून पटलेलं नाही.

श्रीरंग_न्यूजर्सी

सह्यकडा, त्यात तथ्य आहे. आकारांची बेरीज सरळ होते, पण ऊर्जा वर्गात असते आणि वर्गात दोघांच्या गुणाकाराचं पद येतं. ते पद गतिजमध्ये जेवढं वाढतं तेवढंच स्थितिजमध्ये घटतं, म्हणून एकूण १६०० हलत नाही. याला "दाबणं" म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. बळाच्या अर्थाने पल्सवर पल्सचं बळ नाही, नाहीतर बाहेर पडताना त्यांचा वेग किंवा आकार बदललेला दिसला असता.

स्थितिज ऊर्जा दोरीच्या नेमक्या कोणत्या सेंमीत आहे, यावरही जाणकारांत मतभेद आहेत. उतार वापरून काढतात तसा वक्रता वापरूनही हिशेब करता येतो. एकूण बेरीज तीच, वाटणी वेगळी. त्या खोलात इथे नको.

चाफा

सर, एक शेवटचं. दोन्ही पल्स वरचे असते तर? बाण करून बघितले. २ सेकंदांना डाव्या अर्ध्यात पहिल्याचे खाली आणि दुसऱ्याचे वर. उजव्या अर्ध्यात उलट. म्हणजे वेग सगळीकडे शून्य, आणि दोरी २० मिमी उंच त्रिकोणात क्षणभर स्थिर. मग ऊर्जा सगळी स्थितिज, १६००?

रावसाहेब७१

शाब्बास, अगदी बरोबर. आणि पुढचं पाऊल आहेच: तो स्थिर त्रिकोण म्हणजे बोटाने उचलून धरलेली तार. सोडली की त्याचे दोन अर्ध्या उंचीचे पल्स होतात, एक इकडे, एक तिकडे. सतार, तंबोरा छेडताना सुरुवात याच स्थितीतून होते. फक्त तिथे त्रिकोणाचा पाया पूर्ण तारेएवढा असतो.

निशिगंध

आज वर्गात केलं. ट्रेसिंग पेपर चार-चार जणांच्या गटांना दिले. १.७५ चं सपाट डोकं एका गटाला आधी चूकच वाटलं, मग त्यांनी पुन्हा बेरीज केली. बाणांसाठी लाल पेन्सिल दिली होती. २ सेकंदांच्या सरळ रेषेवर लाल बाण काढून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे दोन रेषा वेगळ्या आहेत, आपण एकच काढत होतो." वर्गातल्या इतरांसाठी तेवढंच वाक्य मी फळ्यावर ठेवलं.

एक अडचण आली, ती विचारते. काही मुलांनी बाण दोरीच्या दिशेने, आडवे काढले. पल्स उजवीकडे जातोय म्हणून दोरीही उजवीकडे जातेय, असं त्यांच्या डोक्यात आहे. यासाठी कुणी काय करतं?

वाळूघड्याळ

दोरीला एका जागी रंगीत रिबीन बांधा आणि पल्स सोडा. रिबीन वर-खाली होते, जागा सोडून पुढे जात नाही. माझ्या व्हिडिओत कपड्याचा एक चिमटा राहून गेला होता, त्याने हेच दाखवलं. मात्र रिबीन हलकी घ्या. चिमटा जड पडला, पल्सचा थोडा भाग तिथूनच परत आला.

रावसाहेब७१

रिबीन ६ सेंमीच्या जागी एक आणि तिच्या डावी-उजवीकडे एकेक अशा तीन बांधा. मधली स्थिर आणि बाजूच्या दोन विरुद्ध दिशांना जाताना दिसल्या की बाण उभेच काढायचे हेही कळेल, आणि कोणत्या बाजूला कोणता तेही.

मेघना के

मधली रिबीन स्थिर राहणार हे मला मान्य. आरपार की परत, हे मी अजून ठरवलेलं नाही.